भक्तिपर शॉर्टची पहिली ३० सेकंदं: प्रश्न असा हवा की बघणाऱ्याला वाटावं, हा मलाच विचारलाय

ओवीवेडा
मंडळी, मदत हवी आहे. मी गीतेवर छोटे निरूपणाचे शॉर्ट करतो, साधारण ८० सेकंदांचे. पहिली ३० सेकंदं बघणाऱ्याला धरून ठेवायची आणि उरलेल्या ५० मध्ये श्लोकाचा अर्थ, असा माझा साचा आहे. या वेळी सहाव्या अध्यायातले ३४ आणि ३५ हे दोन श्लोक घेतलेत, जिथे अर्जुन म्हणतो की मन फार चंचल आहे, वाऱ्यासारखं, आवरतच नाही, आणि कृष्ण अभ्यास आणि वैराग्य सांगतो. विषय माझ्या अगदी जवळचा आहे कारण मी स्वतः जपाला बसलो की हेच होतं. पण सुरुवात जमत नाहीये. आत्ताचा खर्डा असा:

"नमस्कार मंडळी. तुम्ही कधी विचार केला आहे का, की आजच्या धकाधकीच्या जीवनात आपलं मन भगवंताच्या चरणी एकाग्र का होत नाही?"

त्याआधी तीन सेकंद तंबोरा आणि नाव येतं. घरी सगळे छान म्हणाले. पण आधीचे शॉर्ट असेच होते आणि ग्राफ बघितला की दुसऱ्यातिसऱ्या सेकंदालाच रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली. प्रश्न तर विचारतोय, मग चुकतंय कुठे?

वाऱ्यावरची_पोर
दादा हॅशटॅग कोणते टाकता? आणि ट्रेंडिंग ऑडिओ लावा, माझ्या मैत्रिणीचं चॅनल त्यानेच चाललं.

ओवीवेडा
हॅशटॅगचा प्रश्न नाहीये गं, लोकांपर्यंत पोचतंय, पण आले की लगेच जातायत.

फटाफट
हुक म्हणजे पहिले तीन सेकंद. बास. ३० सेकंदांचा हुक असं काही नसतंच, तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, बाकी तुम्ही काहीही बोला. नमस्कार काढा, तंबोरा काढा, प्रश्न पहिल्या फ्रेमला. झालं काम.

संकलक_रात्रपाळी
फटाफट म्हणतायत ते अर्धं बरोबर आहे. अंगठा थांबतो तो पहिल्या दोनतीन सेकंदांत हे खरं. पण मी दुसऱ्यांचे भक्तिपर व्हिडिओ कापून देण्याचंच काम करतो आणि तिथे दुसरी घसरगुंडी हमखास दिसते, दहाव्या ते पंधराव्या सेकंदाला. प्रश्न ऐकून माणूस थांबलेला असतो, आणि मग आपण लगेच उपदेश सुरू करतो. तो म्हणतो, अच्छा, प्रवचन आहे, आणि जातो. म्हणून ओवीवेडा यांचा ३० सेकंदांचा हिशोब मला पटतो, प्रश्नाने थांबवायचं आणि उरलेल्या वेळात तो प्रश्न त्याचा स्वतःचा करून द्यायचा.

आता तुमचा खर्डा. जरा मोजा. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द पडतात, निरूपणाच्या सुरात तर तेवढेच. तुमचा प्रश्न नमस्कारासकट २० शब्दांचा आहे, म्हणजे दहा सेकंद. वर तंबोऱ्याची तीन. म्हणजे प्रश्न पूर्ण होतो तेराव्या सेकंदाला, आणि तुमची रेघ पडते तिसऱ्याला. लोकांनी तुमचा प्रश्न नाकारलेला नाही हो, त्यांनी तो ऐकलेलाच नाही.

आणि अजून एक, हे आपल्या भाषेचं आहे. मराठीत "का" शेवटी येतो. "तुम्ही रोज जपाला बसता तेव्हा मन स्थिर राहतं का" यात शेवटचा शब्द येईपर्यंत कानाला कळतच नाही की आपल्याला काही विचारलंय, तोवर ते साधं विधान असतं. म्हणून लांब वाक्याच्या शेपटीला "का" लावू नका. कोण, कुठे, किती, कितव्या असा शब्द वापरा आणि तो लवकर आणा.

ओवीवेडा
तेरावा सेकंद!! हे मी कधी मोजलंच नव्हतं. आणि "का" चं तर डोक्यातही आलं नव्हतं. बरं मग असं?

"कितव्या मण्यावर निसटतं मन तुमचं?"

मोगरा
हा वाचून मी खरंच थांबले. मी उत्तर पण देऊ शकते, सातव्याआठव्या 😄

फटाफट
पण जप न करणाऱ्यांचं काय? माझ्यासारखे. मला माळेत किती मणी तेही माहीत नाही.

मोगरा
१०८ आणि वर एक मेरुमणी. तो ओलांडत नाहीत, तिथे पोचलं की माळ फिरवून उलट यायचं.

आजोबा_ऑनलाइन
जरा वेगळं बोलतो, रागावू नका. देवाचा विषय काढताना आधी वंदन करायचं ही रीत आहे. तंबोरा काढा, नमस्कार काढा, म्हणजे मग जाहिरात आणि निरूपण यात फरक काय राहिला? माणूस तीन सेकंद थांबत नसेल तर त्याला अजून ऐकायचंच नाहीये, त्याच्या मागे का धावायचं?

फटाफट
काका, ज्याला ऐकायचंय त्याच्यासाठी पूर्ण प्रवचनं आहेतच की. शॉर्ट हा वाटेने जाणाऱ्यासाठी आहे.

आजोबा_ऑनलाइन
वाटेने जाणाऱ्यालासुद्धा आपण आधी नमस्कार करतो.

संकलक_रात्रपाळी
काकांचा मुद्दा मी झटकणार नाही. माझ्याकडे येणारे काही कीर्तनकार वंदनाशिवाय सुरू करायला तयार नसतात आणि मी आग्रह धरत नाही. त्यांच्यासाठी वंदन अक्षरात ठेवतो, पहिल्या फ्रेमपासून वरच्या बाजूला लहान आणि स्थिर, आवाज मात्र थेट प्रश्नाने सुरू. खाली ठेवू नका, तिथे शीर्षक येतं, आणि उजवीकडे बटणं. काही जण रेकॉर्डिंगच्या आधी मनात वंदन करतात आणि ते व्हिडिओत येतच नाही. काकांना हे पुरेसं वाटेल की नाही माहीत नाही.

आजोबा_ऑनलाइन
पुरेसं नाही वाटत. पण अक्षरात असणं हे नसण्यापेक्षा बरं.

निळीशाई
मला तुमचा मूळ प्रश्न नीट कळलाय का बघा, तुम्हाला असा प्रश्न हवाय ना की ज्याने माणूस हलेल? मग सरळ विचारा, "देवाने तुमचंच का ऐकलं नाही?" याने कोण थांबणार नाही?

सांजवात
निळीशाई, कृपया हे नको. सांगते का ते. बाबा आजारी होते तेव्हा रात्री त्यांच्या उशाशी बसून मी फोन चाळत असायचे आणि अगदी याच धर्तीचा एक शॉर्ट समोर आला. तुमची प्रार्थना देवापर्यंत का पोचत नाही, असं काहीतरी. मी थांबले ना, पूर्ण बघितला, दोनदा बघितला. त्यांच्या ग्राफवर मी चांगलीच दिसले असेन. पण शेवटी निघालं काय, तर तुमच्या श्रद्धेत खोट आहे, अमुक इतके दिवस अमुक करा. बाबा गेले. त्यानंतर कितीतरी महिने मला वाटायचं की माझ्याच श्रद्धेत काही कमी होतं. तुम्हाला कल्पना नसते समोर कोण बसलंय.

निळीशाई
ताई, माफ करा. मी एवढा विचार केला नव्हता. काढूनच टाकतो तो मुद्दा.

सांजवात
तुम्हाला नाही हो बोलत, तुम्ही साधं सुचवलंत. फक्त लिहिणाऱ्याच्या लक्षात असावं.

संकलक_रात्रपाळी
सांजवात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे माझ्या मते. मी स्वतःसाठी एक चाचणी ठेवलीये, प्रश्न ज्या दुखण्यावर बोट ठेवतो त्याचं उत्तर तुमच्या श्लोकात खरंच आहे का? "देवाने का ऐकलं नाही" याचं उत्तर या दोन श्लोकांत नाहीच. मग तुम्ही बोट ठेवता आणि उत्तर न देता निघून जाता, किंवा पदरचं काहीतरी सांगता. "मन का पळतं" याचं उत्तर मात्र तिथे आहे. म्हणून आधी श्लोकातलं उत्तर बघायचं आणि तिथून मागे येत प्रश्न शोधायचा. बहुतेक जण आधी झणझणीत प्रश्न शोधतात आणि मग त्याला श्लोक चिकटवतात, तिथे हा घोळ होतो.

दुसरीबाजू
पण थोडं टोचल्याशिवाय प्रश्न वैयक्तिक होणार कसा? जखमेला हात लावायचा नाही म्हटलं तर सगळं गुळमुळीत होईल. मला नाही वाटत ही रेषा इतकी स्पष्ट आहे. सांजवात यांना त्रास झाला तो प्रश्नामुळे की शेवटच्या उत्तरामुळे?

सांजवात
उत्तरामुळे जास्त. प्रश्न तर माझ्या मनात आधीपासूनच होता.

ओवीवेडा
ताई, मनापासून आभार हे लिहिल्याबद्दल. आता मागे येऊन बघतो. ३५ व्या श्लोकात कृष्णाच्या उत्तराचा पहिला शब्द आहे "असंशयम्". म्हणजे शंकाच नाही, तू म्हणतोस ते खरंच आहे, मन आवरायला कठीणच आहे. तो अर्जुनाला झापत नाही, आधी त्याचं म्हणणं मान्य करतो. अभ्यासाने आणि वैराग्याने हे त्याच श्लोकात नंतर येतं. मी हा शब्द इतक्या वेळा म्हटलाय पण तो पहिला का आहे हे आज जाणवतंय.

संकलक_रात्रपाळी
अहो मग सापडलं की! पहिली ३० सेकंदं तुम्हाला या एका शब्दाच्या उंबरठ्यापर्यंत आणायची आहेत. ज्याला वाटतंय की मन पळतं म्हणजे आपली भक्तीच खोटी, त्याला तुम्ही "असंशयम्" ऐकवणार. आता प्रश्न त्या माणसाला शोधून विचारा.

मोगरा
फटाफट यांच्यासाठी माळेच्या जागी हात जोडणं घेतलं तर? हात तर सगळेच जोडतात. "हात जोडलेले असताना मनात कोण होतं?"

फटाफट
हे मला लागलं. खरंच. आणि उत्तर इथे लिहू शकत नाही 😅

टिपकागद
"काय होतं" नाही आणि "कोण होतं" आहे यातच गंमत आहे. काय म्हटलं की विचार येतात, कोण म्हटलं की चेहरा येतो.

दुसरीबाजू
पण संकलक म्हणाले प्रश्नाचा शब्द लवकर हवा. इथे "कोण" पाचवा शब्द आहे. "मनात कोण होतं, हात जोडलेले असताना?" असं हवं ना मग?

संकलक_रात्रपाळी
बरोबर पकडलंत. पण मी दोन्ही मोठ्याने म्हणून बघितलं आणि मला मोगरा यांचंच आवडतंय. हात जोडलेले म्हटलं की चित्र उभं राहतं आणि सगळा प्रश्न तीन सेकंदांत संपतो, त्यामुळे थांबायला लागत नाही. नियम लांब वाक्यांसाठी होता असं समजा. उलटं केलं की ते थोडं नाटकी वाटतं. तुमचा कान वेगळं सांगत असेल तर तसं करा.

दुसरीबाजू
माझा कान उलटंच सांगतोय 🙂

ओवीवेडा
रात्री बसून लिहिलं. बघा:

"हात जोडलेले असताना मनात कोण होतं?
(एक सेकंद शांत)
ओठांवर नाव देवाचं. मनात मात्र काल चारचौघांत अपमान केलेला माणूस. त्याला द्यायचं उत्तर तुम्ही जुळवत होतात. मेरुमणी बोटाला लागला तेव्हा कळलं, अख्खी माळ त्याच्याच नावाने झाली. आणि वाटलं, आपली भक्तीच खोटी.
(एक सेकंद शांत)
अर्जुनाचीही हीच तक्रार होती. मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही. कृष्ण रागावला नाही. उत्तराचा पहिलाच शब्द त्याने काय उच्चारला?"

५६ शब्द झाले. दोन शब्दांना एक सेकंद धरला तर २८, आणि दोन शांत सेकंद मिळून बरोब्बर ३०.

मोगरा
"अख्खी माळ त्याच्याच नावाने झाली"... काय लिहिलंयत हो. अंगावर आलं.

टिपकागद
एक दुरुस्ती. "अपमान केलेला माणूस" यात अपमान त्याने केला की त्याचा कुणी केला हे कळत नाही. कानाने ऐकताना तर नाहीच कळणार आणि मागे जाऊन कोणी ऐकत नाही. "काल चारचौघांत ज्याने अपमान केला तो" असं करा. एक शब्द वाढेल, वाढू दे. आणि "तुम्ही" ठेवलंत ते बरं केलंत, "तू" घेतलं असतं तर "जुळवत होतास" की "होतीस" हा पेच आला असता आणि अर्ध्या लोकांना वाटलं असतं हे आपल्याला नाही.

ओवीवेडा
दुरुस्त केलं, ५७. तू-तुम्हीचं मी ठरवून नव्हतं केलं, सवयीने आलं, पण आता कारण कळलं.

निळीशाई
सुरुवातीला एक प्रश्न आणि शेवटी परत एक प्रश्न, गोंधळ नाही होणार?

संकलक_रात्रपाळी
नाही होणार, पण एका अटीवर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघणारा मनातल्या मनात देतो, ते तुम्ही द्यायचं नाही. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही लगेच द्यायचं, ३१ व्या सेकंदाला "असंशयम्". तिथे आणखी ताणलंत, आधी चॅनल सबस्क्राइब करा वगैरे घातलंत, तर तो चिडून जाईल आणि त्याचं बरोबरच असेल.

त्या शांत सेकंदाबद्दलही बोलतो. संकलनाच्या ॲपमध्ये शांत जागा आपोआप कापायची सोय असते, ती बंद ठेवा. माझ्याकडून एकदा हे झालंय, वक्त्याने प्रश्नानंतर सुंदर थांबा घेतला होता आणि मी घाईत सगळे थांबे उडवले. प्रश्नाला लागून उत्तर आलं आणि कुणाला स्वतःकडे बघायला वेळच मिळाला नाही. तो सेकंद बघणाऱ्याचा आहे. तिथे तंबोराही वाढवू नका, आहे तेवढाच हळू राहू दे. आणि आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, म्हणून प्रश्न पहिल्या फ्रेमलाच अक्षरात पूर्ण दिसू दे, एकेक शब्द उमटवत बसू नका.

वाऱ्यावरची_पोर
पण जमलं की नाही हे कळणार कसं? व्ह्यूज बघायचे ना?

संकलक_रात्रपाळी
व्ह्यूजवर जाऊ नका. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून मोजणी बदलली, आता शॉर्ट नुसता चालू झाला की व्ह्यू धरतात, किती वेळ बघितला ते बघत नाहीत. त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं प्रश्न लागू पडला. तुम्ही बघायचं ते किती जण थांबले आणि किती जण स्वाइप करून गेले, आणि मग तो ग्राफ. तिसऱ्या सेकंदाला पडला तर प्रश्न चुकला. बाराव्याला पडला तर प्रश्न ठीक आहे पण पुढे तुमचं दृश्य धूसर आहे. आणि ३१ व्याला पडला तर समजा की प्रश्न एक होता आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं.

पण त्याच्याही आधी, रेकॉर्ड करण्यापूर्वी, दोनतीन माणसांना नुसता प्रश्न विचारा आणि गप्प बसा. काही समजावू नका.

ओवीवेडा
केलं आज. धाकटी बहीण म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" आणि हसायला लागली, मग तिने स्वतःच ऑफिसमधला एक किस्सा सांगितला. मित्र म्हणाला, "मग?" म्हणजे त्याला पुढचं ऐकायचं होतं पण लागलं नव्हतं. आणि वडील म्हणाले, "मला काय विचारतोस, तू तुझं बघ." थोडे दुखावलेच. ते खरंच रोज मन लावून बसतात.

आजोबा_ऑनलाइन
तुमच्या वडिलांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. "उत्तर तुम्ही जुळवत होतात" हे तुम्ही कोण सांगणार? तुम्ही बघितलंय का आमच्या मनात?

दुसरीबाजू
काकांचं इथे पटतंय मला. प्रश्न "तुम्ही" ला असू दे, पण गोष्ट "मी" ची करा की. "त्याला द्यायचं उत्तर मी जुळवत होतो." ओवीवेडा यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की त्यांचं स्वतःचं हेच होतं.

फटाफट
मग ते वैयक्तिक त्यांचं होईल, माझं नाही. मला लागलं ते "तुम्ही" मुळेच.

मोगरा
मला "मी" चालेल. कुणीतरी आपलं कबूल केलं की मलाही करावंसं वाटतं.

संकलक_रात्रपाळी
हे मला आधीच सुचायला हवं होतं. मूळ प्रश्नात "तुम्ही" नाहीच आहे बघा, "मनात कोण होतं" एवढंच आहे, कुणाच्या ते सांगितलेलंच नाही. तो कुणालाही आपला वाटेल. पुढची गोष्ट "मी" ची की "तुम्ही" ची हे मी छातीठोक सांगू शकत नाही, दोन्ही चाललेले बघितलेत आणि दोन्ही पडलेलेही.

सांजवात
मी "मी" च्या बाजूने. त्या रात्री कुणी मला म्हटलं असतं की माझंही मन पळतं, तर बरं वाटलं असतं.

ओवीवेडा
ठीक. "मी" ची आवृत्ती आधी करतो, मला ती बोलताना खोटं वाटणार नाही. "त्याला द्यायचं उत्तर मी जुळवत होतो." वंदन वर अक्षरात ठेवतो, काकांसाठी. शब्द ५७ च राहतात. एकच शंका, "असंशयम्" हा शब्द मी श्लोकाच्या चालीत म्हणू की साधा बोलू?

टिपकागद
साधा बोला. कृष्ण तिथे मित्राला उत्तर देतोय. आधी साधं, त्याचा अर्थ सांगा, मग पूर्ण श्लोक चालीत.

आजोबा_ऑनलाइन
आणि "असंशयम्" नीट म्हणा. "असौंशय" असं ऐकू येतं बऱ्याच जणांचं. झालं की इथे टाका, मी आवाज लावून बघेन.